पापडाची वही: बचत गटाने डाळ एकत्र घ्यायची कशी आणि प्रत्येकीचा वाटा लिहायचा कसा

पहिल्या वर्षी आम्ही उडदाचे पापड केले, विकले आणि आलेले पैसे आठ जणींत सारखे वाटून टाकले. पंधरा किलो पिठाचे पापड लाटणारीला आणि सहा किलो लाटणारीला एकच रक्कम मिळाली. जास्त लाटणारी काही बोलली नाही, पण पुढच्या वर्षी तिनेही सहाच किलो नेलं. दुसऱ्या वर्षी आम्ही उलट केलं: जिने जितके किलो लाटले तितके पैसे. तेव्हा बाजारातून डाळ आणणारी, उखळात पीठ कुटणारी आणि उधारी वसूल करायला दुकानदाराच्या तीन चकरा मारणारी यांच्या हातात जवळजवळ काहीच पडलं नाही. तिसऱ्या वर्षी वही बदलली. त्या वहीची पद्धत इथे लिहिते आहे. पापडाऐवजी तुमचा गट चकली-भाजणी, मसाला किंवा कुरडया करत असेल, तर आकडे बदला, पद्धत तीच चालते.

पद्धतीचा गाभा एवढाच की विक्रीतून आलेल्या रुपयात तीन वेगळे पैसे मिसळलेले असतात. एक, मालासाठी घातलेला पैसा. तो जिथून आला तिथे परत जातो. दुसरा, कामाची मजुरी. ती काम करणारीची. तिसरा, हे दोन्ही दिल्यावर जे उरतं तो नफा. वाटणीच्या दिवशी हे तीन ढीग वेगळे करता आले नाहीत, तर कितीही प्रामाणिकपणे वाटलं तरी कुणीतरी नाराज होतेच.

बचतीची वही वेगळी, धंद्याची वही वेगळी

आमच्या गटात दहा जणी आहेत. पापडात आठच. एकीला बाळंतपण होतं, दुसरी शेतमजुरीला जाते, तिला वेळ नाही. पण गटाच्या खात्यातली बचत मात्र दहाही जणींची. मग त्या बचतीतून डाळ घेतली तर नफ्यात उरलेल्या दोघींचा वाटा किती, हा प्रश्न येतो, आणि तो पापड विकल्यावर काढला तर सुटत नाही.

आम्ही तो असा सोडवला. पापडाच्या कामाला गटाने अंतर्गत कर्ज द्यायचं, जसं एखाद्या सभासदाला शेळीसाठी देतो तसंच. व्याज नेहमीचंच, आमच्याकडे महिना शेकडा १ रुपया. कर्ज आठ जणींच्या नावाने, आठही जणींच्या सह्या. पापड विकले की आधी मुद्दल आणि व्याज गटाच्या खात्यात. ते व्याज दहा जणींचं होतं, म्हणून पापडात नसलेल्या दोघींनाही त्यांच्या बचतीचं फळ मिळतं. नफ्यावर मात्र त्यांचा हक्क नाही, आणि तोटा आला तर त्याची झळही त्यांना नाही.

हे सगळं बैठकीच्या इतिवृत्तात ठराव म्हणून लिहा. ठरावात पाच गोष्टी असू द्या: किती रक्कम, कोणत्या कामाला, कोण कोण सामील, व्याज किती आणि नफा कसा वाटायचा. शेवटची गोष्ट डाळ आणायच्या आधी ठरली पाहिजे. डाळ आणण्याआधी सगळ्या उदार असतात. पैसे टेबलावर आले की प्रत्येकीला आपलंच काम जास्त वाटतं, मलाही वाटतं.

काही गटांत सभासद स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. तसं करायचं तर सगळ्यांनी सारखी रक्कम घालावी. एकीने दोन हजार आणि दुसरीने पाचशे घातले, की भांडवलाचाही हिस्सा मोजावा लागतो आणि नव्या गटाला ते झेपत नाही.

खरेदीच्या आधी एक घाणा

घाऊक खरेदीला जाण्यापूर्वी किलोभर पिठाचे पापड करून बघा. हे चवीसाठी नाही, उताऱ्यासाठी. एक किलो पिठापासून किती ओला गोळा होतो आणि त्या गोळ्यापासून किती सुके पापड मिळतात, हे दोन आकडे हातात असल्याशिवाय पुढचा कुठलाच हिशोब होत नाही.

आमचं प्रमाण असं: एक किलो उडदाच्या पिठाला ३५ ग्रॅम पापडखार, ६० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम मिरीची भरड, १० ग्रॅम हिंग, मळताना-कुटताना मिळून ५० ग्रॅम तेल आणि साधारण ४३० मिलीलिटर पाणी. पापडखार आणि मीठ पाण्यात उकळून, गाळून, गार करून त्याच पाण्यात पीठ भिजवायचं. कुटून झाल्यावर गोळ्याचं वजन १ किलो ५५० ग्रॅमच्या आसपास भरतं; थोडं हाताला, थोडं उखळाला चिकटून जातं. पापड पूर्ण वाळल्यावर एक किलो गोळ्यामागे ७३० ग्रॅम. यातले काही तुटतात, ते काढले की विकण्यासारखे ७१० ग्रॅम उरतात.

तुमचे आकडे वेगळे येतील. कोकणातल्या दमट हवेत आणि लातूरकडच्या कोरड्या उन्हात पापड सारखा वाळत नाही, आणि जुन्या डाळीचं पीठ पाणी वेगळं ओढतं. घाणा दोनदा करा, दोन वेगळ्या बायकांच्या हाताने, आणि सरासरी धरा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता उलटं मोजायचं. आम्हाला पाव किलोची २५६ पाकिटं हवी होती, म्हणजे ६४ किलो चांगले पापड. एका किलो गोळ्याला ७१० ग्रॅम या दराने त्याला ९० किलो गोळा लागतो. ९० किलो गोळ्याला ५८ किलो पीठ. निवडताना आणि दळताना दोनेक किलो घट धरली, तर ६० किलो डाळ. खरेदीचा आकडा असा मागणीकडून मागे यावा. "स्वस्त मिळतेय, घेऊन टाकू" म्हणून एका वर्षी आम्ही जास्तीची डाळ घेतली होती. पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडलं तर डाळीत भुंगे फिरत होते.

डाळ आणायला जाताना

नवा उडीद खरिपाचा, तो सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजारात येतो, आणि पापडाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. आवक असताना भाव सहसा उतरलेला असतो, हे खरं. पण तेव्हा घेतलेली डाळ चार महिने सांभाळायला कोरडी जागा, घट्ट झाकणाच्या कोठ्या आणि अडकवून ठेवायला पैसा लागतो. नव्या गटाने पहिल्या हंगामात जानेवारीच्या शेवटी, लागेल तेवढीच घ्यावी. घ्यायची ती डाळ, तयार पीठ नाही. पिठात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ते डाळीपेक्षा लवकर जुनं होतं. दळणसुद्धा एकदम करू नका. आम्ही वीस-वीस किलो दळून आणतो.

बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याचा अख्खा उडीद येतो. आपल्याला लागते ती सालं काढलेली पांढरी डाळ, म्हणजे उडीद मोगर. ती डाळ मिलकडे किंवा दाणे बाजारातल्या घाऊक दुकानात मिळते. खरेदीला दोघी जा, दरवर्षी त्यातली एक नवी. एकटीने जाऊ नये, ते अविश्वासापोटी नव्हे. भाव करताना, कट्टा तोलताना आणि पावती वाचताना चार डोळे बरे पडतात.

तीन दुकानांत भाव विचारा आणि तिन्ही भाव वहीत लिहा, ज्याच्याकडून घेतली नाही त्याचेही. प्रत्येक ठिकाणी विचारायचं: हा भाव नुसत्या डाळीचा, की हमाली त्यात धरली? कट्ट्यात भरती किती, तीसची की पन्नासची? वजन बारदानासह की बारदान वजा? एका व्यापाऱ्याकडे आम्ही हे शेवटचं विचारायचं विसरलो. घरी येऊन कट्टे तोलले तर प्रत्येक कट्ट्यात डाळ सांगितल्यापेक्षा थोडी कमी, कारण पोत्याचं वजन त्यातच धरलेलं. पैसे देऊन झाले होते, पावतीवर कट्ट्यांची संख्या होती, किलो नव्हते. तेव्हापासून आमच्या पावतीवर निव्वळ किलो लिहून घेतल्याशिवाय आम्ही दुकानातून उठत नाही.

डाळ कशी ओळखायची? मूठभर घेऊन वास घ्या. जुन्या डाळीला कुबट वास असतो. हातावर चोळा, भुकटी सुटली तर कीड लागून गेली आहे. पण खरी परीक्षा चिकटपणाची. दोन किलो नमुना विकत घ्या, दळा, त्यातलं थोडं पीठ चमचाभर पाण्यात मळा आणि गोळा दोन्ही हातांनी ओढा. चांगल्या उडदाचा गोळा ताणला जातो, तार धरतो. जुन्या डाळीचा लगेच तुटतो, आणि असा पापड लाटताना कडेला फाटतो. नमुन्याचे पैसे जातात ते जाऊ द्या.

घाऊक घेण्यात फायदा किती, तेही आधी मोजा. समजा किरकोळ भाव किलोला १२५ रुपये आणि घाऊक १०५. किलोमागे वीस रुपये वाचतात, पण टेंपो आणि हमाली मिळून ३०० रुपये लागतात. पंधरा किलोच घेतली तर वाचलेले सगळे ३०० वाहतुकीत गेले. साठ किलोवर १,२०० वाचतात आणि ३०० जाऊन ९०० उरतात. तुमच्या गावापासून बाजार किती लांब, त्यावर हा आकडा फिरतो. गरज पंधरा-वीस किलोचीच असेल तर शेजारच्या गटाला सोबत घ्या, नाहीतर तालुक्याच्या दुकानातून घ्या आणि चकर वाचवा.

पैसे गटाच्या खात्यातून द्या, चेकने किंवा मोबाइलवरून, म्हणजे बँकेच्या नोंदीत दिसतात. रोख द्यावेच लागले तर पावती त्याच दिवशी वहीला टाचा.

माल घरी आला: दोन बाजूंची नोंद

डाळ आली की आधी पुन्हा तोला, मग मालाच्या वहीत लिहा. मालाची वही म्हणजे चार रकाने: तारीख, आवक, जावक, शिल्लक. पैशांची वही वेगळी. नव्याने वही लिहिणाऱ्या हमखास एक चूक करतात: "डाळ ६,३००" एवढंच लिहितात, किलो लिहीत नाहीत. मग हंगामाच्या शेवटी पैसे जुळतात आणि पाच किलो डाळ कुठे गेली ते कळत नाही.

आमच्या त्या हंगामाचा खर्च असा झाला. डाळ ६० किलो, ६,३०० रुपये. टेंपो-हमाली ३००. दळणावळ ६००. मिरी, हिंग, पापडखार, मीठ आणि तेल मिळून २,२८०. पिशव्या आणि लेबल ५२०. एकूण १०,०००. आकडा गोल आला कारण गटाने कर्जच तेवढं दिलं होतं आणि आम्ही हिंगाचा डबा त्यात बसेल असाच घेतला.

लाट्या तोलून देणं, पापड तोलून घेणं

मळणं-कुटणं एका घरी आणि लाटणं आपापल्या घरी, ही रीत जुनी आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्येही बायका मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणून देतात आणि वजनावर लाटणावळ घेतात. रीत सोपी दिसते, पण सगळं काट्यावर अवलंबून आहे. एकच इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा, देतानाही तोच आणि घेतानाही तोच. दर सोमवारी अर्ध्या किलोचं माप ठेवून तो बरोबर दाखवतो ना ते बघा. आमच्या काट्याचे सेल उतरले की तो तीस-चाळीस ग्रॅम इकडेतिकडे करायचा, आणि ते कळायला आम्हाला महिना लागला.

प्रत्येकीचं एक कार्ड करा, वहीत तिचं एक पान. रकाने: तारीख, नेलेला गोळा, आणलेले चांगले पापड, तुटलेले, सही. दोन्ही ठिकाणी त्याच क्षणी लिहायचं, कार्ड तिच्याकडे राहतं. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी आकडा मोठ्याने वाचा आणि अंगठा घ्या. एक ताई कार्डावर प्रत्येक किलोला एक उभी रेघ ओढते. महिन्याच्या शेवटी तिच्या रेघा आणि माझा आकडा आम्ही ताडून बघतो, आणि दोनदा चूक माझीच निघाली आहे.

आता जरा अवघड भाग. पापड कमी आले की सगळ्यांच्या लक्षात येतं. एक किलो गोळ्याला ६४० ग्रॅमच आले, तर गोळा सांडला, पापड तुटले किंवा पोरांनी लाट्या खाल्ल्या (कच्च्या लाट्या तेल लावून खायची हौस कुणाला नसते?). विचारलं की उत्तर मिळतं.

पापड जास्त आले तर मात्र सगळ्या खूश होतात, आणि तिथेच फसगत आहे. लाटणावळ वजनावर असते, आणि ओलसर पापड जड असतो. एका हंगामात आमच्या एका सभासदाने १२ किलो गोळा नेला आणि ९ किलो १०० ग्रॅम पापड आणले. भाग दिला तर किलोमागे ७५८ ग्रॅम. घाण्याचा आकडा ७३०. तिचा हेतू काही वाईट नव्हता; दोन दिवस ढग होते, तिने पापड घरात पंख्याखाली वाळवले आणि वरून कोरडे लागले म्हणून गोळा केले. असे पापड पिशवीत बंद झाले की आठवड्यात आतून वाफ धरते आणि पंधरा दिवसांत बुरशीचे ठिपके येतात. पाकीट आपलं, नाव गटाचं.

म्हणून नियम असा ठेवला: घाण्याच्या आकड्यापेक्षा जास्त वजन आलं की त्यातले किलोभर पापड पुन्हा एक दिवस उन्हात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी तोलायचे. वजन उतरलं तर सगळा लॉट पुन्हा वाळवायचा आणि लाटणावळ नंतरच्या वजनावर. त्या ताईंचे पापड पुन्हा वाळवल्यावर ८ किलो ६०० ग्रॅम भरले. हे सगळ्यांना आधीच माहीत असेल तर कुणाला लागत नाही. ऐन वेळी काढलेला नियम मात्र अपमान वाटतो.

हजेरीची वही

लाटण्याखेरीज जी कामं आहेत ती वजनात येत नाहीत. त्यांची हजेरी लिहायची, अर्ध्या दिवसाच्या मापाने. आम्ही अर्ध्या दिवसाला १५० रुपये ठरवले. त्या हंगामात एकूण १४ अर्धे दिवस झाले: बाजार २, गिरणी १, मळणं-कुटणं ६, पॅकिंग ३, आठवडी बाजारातली विक्री २. तासांवर मोजू नका; कुणी घड्याळ बघत नाही, आणि नंतर "मी तर साडेतीन तास होते" सुरू होतं. अध्यक्ष आणि सचिव यांनाही हीच हजेरी. पदाचे वेगळे पैसे द्यायचे असतील तर ते ठरावात असावेत, मागाहून "तिने खूप केलं" म्हणून नव्हे.

हिशोबाचा दिवस

२५६ पाकिटांपैकी १५६ आम्ही स्वतः विकली, ८० रुपयांनी: १२,४८० रुपये. शंभर एका किराणा दुकानाला ७० रुपयांनी: ७,०००. एकूण आवक १९,४८०.

त्यातून आधी गटाचं कर्ज १०,००० आणि दोन महिन्यांचं व्याज २००. मग लाटणावळ, ६४ किलोला किलोमागे ६० रुपयांनी ३,८४०. मग हजेरी, १४ अर्ध्या दिवसांचे २,१००. एवढं दिल्यावर ३,३४० रुपये उरले. हा नफा. ठरावाप्रमाणे १,३४० पुढच्या खरेदीसाठी राखून ठेवले आणि २,००० आठ जणींत सारखे वाटले, प्रत्येकीला २५०.

नफा सारखा का? काही जणी म्हणाल्या, लाटलेल्या किलोवर वाटा. माझं मत वेगळं पडलं. लाटणारीला लाटण्याचे पैसे मिळालेलेच आहेत; नफ्यातही तेच माप लावलं तर एकाच कामाचे दोनदा पैसे होतात. कर्जावर सही आठ जणींची, पापड खपले नसते तर ते फेडायची जबाबदारीही आठ जणींची सारखी. म्हणून नफा सारखा. तुमच्या गटाला दुसरी रीत पटली तर तीही चालेल, फक्त ती हंगामाच्या आधी लिहिलेली हवी.

दोघींची पानं इथे दाखवते. नावं फक्त समजण्यासाठी धरली आहेत.

| | सविता | मंगल |
|---|---|---|
| नेलेला गोळा | १५ किलो | ८ किलो |
| आणलेले चांगले पापड | १०.७ किलो | ५.७ किलो |
| लाटणावळ (किलोला ६०) | ६४२ | ३४२ |
| हजेरी (अर्धे दिवस) | ३ | ५ |
| हजेरीचे पैसे | ४५० | ७५० |
| नफ्याचा वाटा | २५० | २५० |
| एकूण रुपये | १,३४२ | १,३४२ |

बेरीज अगदी सारखी आली, हा योगायोग. पण वहीत नुसतं "सविता १,३४२, मंगल १,३४२" लिहिलं असतं, तर जवळपास दुप्पट पापड लाटलेल्या सविताला ते अन्यायाचं वाटलं असतं. रकाने वेगळे असले की दोघींना दिसतं: हिने घरी जास्त लाटले, तिने उखळावर जास्त दिवस घालवले. म्हणून वाटणीच्या दिवशी एकूण रक्कम वाचायची नाही, प्रत्येकीची पूर्ण ओळ सगळ्यांसमोर वाचायची, मगच सही.

याच कागदावरून भावही कळतो. माल, मजुरी आणि व्याज मिळून पाव किलोचं पाकीट आम्हाला ६३ रुपयांना पडलं. दुकानदार पुढच्या वेळी ६२ ला मागत होता आणि "एक रुपयाचा तर प्रश्न आहे" म्हणाला. ज्या गटाच्या हिशोबात मजुरी धरलेलीच नसते, त्याला ६२ रुपयांतही भरपूर सुटतंय असं वाटतं. त्यांचा नफा म्हणजे त्यांचीच न मोजलेली मजुरी.

उधारी, आणि पैसे केव्हा द्यायचे

दुकानदाराचे ७,००० लगेच आले नाहीत. पापड मार्चअखेर गेले, पैसे मेमध्ये. तोवर हातात १२,४८० होते. अशा वेळी क्रम पाळा: आधी मजुरी, मग कर्ज, शेवटी नफा. मजुरी द्यायला पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. जिची चूल त्यावर आहे ती दुकानदाराच्या पैशाची वाट बघू शकत नाही. आम्ही ५,९४० रुपये मजुरीचे दिले, उरलेले ६,५४० कर्जात भरले. बाकीचं कर्ज, व्याज आणि नफा दुकानाचे पैसे आल्यावर. न आलेल्या पैशातला नफा कधीही वाटू नका, अगदी दुकानदार नात्यातला असला तरी.

उधारीचं एक वेगळं पान ठेवा: कुणाला, किती पाकिटं, कधी, पैसे कधी आले. दुकानात माल देताना दोन प्रतींची पावती करा आणि आपल्या प्रतीवर त्याची सही घ्या. न खपलेली पाकिटं परत घ्यायची की नाही, तेही तेव्हाच बोलून घ्या. परत आलेला माल मालाच्या वहीत पुन्हा आवक म्हणून चढवायचा.

पाकिटं विकायची तर, स्वतः विका किंवा दुकानात ठेवा, अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकासाठी साधी नोंदणी असते, ती FoSCoS या संकेतस्थळावर होते; उमेद किंवा माविमच्या कार्यकर्त्या फॉर्म भरायला मदत करतात. नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे आणि गटाचा पत्ता लेबलवर हवा. नोंदणीची फी खर्चात धरा, पण एकाच हंगामावर टाकू नका. जितक्या वर्षांची फी भरली तितके भाग करा.

राहिला चुरा. आमच्याकडे दीड किलो तुटलेले पापड जमले होते. पहिली दोन वर्षं ते ज्या घरी पॅकिंग व्हायचं त्या घरीच राहायचे आणि कुणीतरी हळूच बोलून दाखवायचं. आता ते तोलतो, मालाच्या वहीत जावक म्हणून लिहितो आणि हिशोबाच्या दिवशी तिथेच तळून, कांदा-कोथिंबीर घालून आठही जणी खातो. वहीत त्या ओळीपुढे शिल्लक शून्य.